मानेभोवतीची हवा : एसी ऑफिस आणि गार बससाठी स्टोलचं कापड

आज विषय छोटा आहे, गळ्याभोवती गुंडाळण्याइतकाच. आम्ही दोघी गेली बरीच वर्षं कापड शिकवतो आहोत, आणि एक गोष्ट सारखी पाहतो. साडी घेताना माणसं पोत बघतात, काठ बघतात, दुकानदाराशी पंधरा मिनिटं हुज्जत घालतात. स्टोल मात्र रंग बघून दोन मिनिटांत उचलतात आणि मग बसमध्ये कुडकुडत बसतात.

सुरुवात एका उदाहरणापासून करू. आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्याला कोथरूडात राहते. आठवड्यातून तीन दिवस तिला मुंबईच्या ऑफिसात जावं लागतं. सकाळी सहाला ती स्कूटर काढते, वाकडला लावते, तिथून एसी बस धरते, आणि दिवसभर ज्या खुर्चीत बसते तिच्या बरोबर वर एसीची झडप आहे. जूनमध्ये ती आमच्याकडे आली ती मान धरूनच. म्हणाली, "मॅडम, तीन स्टोल झाले, पैसे गेले आणि मान रोज अवघडते. आता डॉक्टरांकडे जाऊन आले, ते म्हणतात वारा लागू देऊ नका. पण स्टोल तर मी घेतेच आहे ना!" आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे मानेचं आम्ही बोललो नाही. तिला एवढंच सांगितलं, की तिन्ही स्टोल पिशवीत घालून घेऊन ये.

ते तीन स्टोल असे होते. पहिला सुती, तोंडाला बांधायचा, पुण्यात स्कूटरवरच्या प्रत्येक मुलीकडे असतो तो. दुसरा जॉर्जेटचा, छान बुळबुळीत. तिसरा एका थंड हवेच्या ठिकाणी फिरायला गेलेली असताना "प्युअर पश्मिना" म्हणून घेतलेला.

आता या तिघांचं काय चुकलं ते बघण्याआधी एक प्रश्न. स्टोल ऊब देतो, म्हणजे नेमकं काय करतो? कापड स्वतः गरम नसतं. ऊब आपल्या अंगाची असते. कापड फक्त एक काम करतं, कातडीलगतची हवा जागेवर धरून ठेवतं. थांबलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते, कुठल्याही धाग्यापेक्षा सावकाश. म्हणून आपण स्टोल विकत घेतो तेव्हा खरं तर धाग्यांत अडकवलेली हवा विकत घेत असतो. जाडजूड, वजनदार कापड म्हणजे उबदार, ही समजूत इथेच मोडते. डेनिम जड असतं, पण घट्ट विणलेलं आणि दबलेलं असल्यामुळे त्यात हवा थोडी मावते. आपली जुनी कापसाची गोधडी धुऊन धुऊन चपटी झाली की तिची ऊब जाते ना, वजन तर तेवढंच असतं. तसंच हे.

पण ऑफिस आणि बस यांच्यात आणखी एक भानगड आहे. तिथली थंडी ही महाबळेश्वरच्या पहाटेसारखी स्थिर नसते, वाहती असते. बसमध्ये डोक्यावरच्या झडपेतून झोत येतो आणि थेट मानेच्या मागे, केस संपतात तिथे, आदळतो. त्या झोताने कापडातली अडकलेली हवा बाहेर ढकलली, की तुमची ऊब गेली. म्हणजे आपल्याला दोन उलट गोष्टी एकाच कापडात हव्या आहेत. हवा धरण्याइतकं ते फुललेलं हवं आणि झोत अडवण्याइतकी वीण दाट हवी. हातविणीचा जाळीदार मफलर घरात फार सुखाचा वाटतो, बसमध्ये मात्र त्याच्या भोकांतून वारा सरळ आत येतो.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याकडेच जास्त भोवते. युरोपातला माणूस थंडीतून थंडीत जातो. आपण घामातून थंडीत जातो. जूनमधे वाकडला उभं राहून मान ओली झालेली असते, आणि त्याच ओल्या मानेवर चोवीस अंशांचा झोत येतो. त्यामुळे आमच्या मते आपल्या स्टोलची खरी परीक्षा थंडीची नाही, ओलाव्याची आहे. आजचं अर्धं व्याख्यान या एका वाक्यावर आहे.

आता तिचे स्टोल बघू. सुती स्कार्फ. कापूस पाणी उत्तम पितो, म्हणून तर आपण कापसाचा पंचा वापरतो. पण प्यायलेलं पाणी तो धरून बसतो, आणि ओला धागा मऊ पडून लोळतो. दोन धाग्यांमधली हवेची जागा पाण्याने भरते, कापड कातडीला चिकटतं. मग बसमधल्या कोरड्या झोतात ते पाणी वाळायला लागतं, आणि वाळताना उष्णता घेतं ती तुमच्या मानेची. माठ जसा पाणी गार करतो, तसा हा स्कार्फ मान गार करत होता. ती बिचारी तो बसमध्ये आणखी घट्ट गुंडाळायची. म्हणजे माठच गळ्यात.

कापूस वाईट असं आम्ही म्हणत नाही हां. स्कूटरवर उन्हा-धुळीसाठी मलमलीला तोड नाही. पण ज्याने घाम टिपला, त्यानेच पुढे ऊब द्यावी ही अपेक्षा चूक आहे. स्कूटरचा स्कार्फ वेगळा आणि बसचा स्टोल वेगळा. तो पिशवीत कोरडा ठेवायचा आणि बसमध्ये चढल्यावरच बाहेर काढायचा. त्याआधी रुमालाने मान पुसायची. ऐकायला हे फारच घरगुती वाटतं, पण आम्ही तिला पहिल्या आठवड्यात नवीन काही घ्यायला सांगितलंच नाही. एवढंच करायला सांगितलं. तेवढ्यानेही थोडा फरक पडला असं ती म्हणाली.

जॉर्जेटवर जास्त वेळ घालवायला नको. तिचा पॉलिएस्टरचा होता, बहुतेक स्वस्त जॉर्जेट तसंच असतं. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे घाम कातडीवरच राहतो. कापड पातळ, हवा धरायला जागा नाही, वर खांद्यावरून घसरतं. एसीच्या कोरड्या हवेत केसांना चिकटून चटचट करतं ते निराळंच.

आता तिसरा, तथाकथित पश्मिना. तिला तो फार प्रिय होता. म्हणाली, "मॅडम, दुकानदाराने अंगठीतून काढून दाखवला!" मंडळी, अंगठीतून काढणं ही जादूगाराची करामत आहे. कुठलाही पातळ आणि मऊ स्टोल अंगठीतून जातो, व्हिस्कोसचा तर लोण्यासारखा जातो. त्याने कापड पातळ आहे एवढंच सिद्ध होतं, धागा कशाचा आहे ते नाही.

धागा ओळखायचा तर दशांमधला एक धागा काढून जाळून बघायचा. हे घरी करायचं, स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, जवळ पाण्याची वाटी ठेवून. दुकानात नाही, आणि पंखा लावून तर मुळीच नाही. लोकर किंवा रेशीम असेल तर जळालेल्या केसांचा वास येतो. ज्योतीतून बाहेर काढलं की आग बहुधा आपोआप विझते आणि मागे काळा खडा राहतो, तो बोटांत चुरडला की त्याची पूड होते. कापूस किंवा व्हिस्कोस असेल तर कागद जळाल्याचा वास येतो, धागा भराभर जळत जातो आणि मऊ राखाडी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं, काळा धूर काढतं आणि मागे कडक मणी ठेवतं, तो चुरडत नाही. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, चांगलाच भाजतो.

तिच्या पश्मिन्याचा वास आला कागदाचा. म्हणजे प्राण्याचा केस त्यात नव्हताच. मग कापूस की व्हिस्कोस? त्यासाठी जाळण्याचा उपयोग नाही, दोन्ही सारखेच जळतात. दुसरा एक धागा घेतला, मध्यभागी थेंबभर पाण्याने ओला केला आणि दोन्हीकडून ओढला. तो ओल्या जागीच पटकन तुटला. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. कापसाचं उलट असतं, तो ओला झाला की थोडा बळकटच होतो. तर तो स्टोल व्हिस्कोसचा निघाला. तिचा चेहरा पडला, साहजिक आहे. कापड सुंदर होतं, रंगही सुंदर होता, पण व्हिस्कोस जड, लोळणारं आणि हवा न धरणारं असतं. म्हणून तर त्याची पडण छान दिसते. जे अंगावर सुंदर लोळतं ते सहसा ऊब कमी देतं, हे लक्षात ठेवा.

खरा पश्मिना असता तर? तरी आम्ही तिला रोजच्या वापराला नकोच म्हणालो असतो. पश्मिन्याचा केस बारा ते सोळा मायक्रॉन जाडीचा असतो, आपल्या डोक्याचा केस साधारण त्याच्या चार-पाच पट. इतकं नाजूक कापड रोज बॅगेच्या पट्ट्याखाली घासलं, ओळखपत्राच्या हुकात अडकलं, की वर्षभरात त्याची दशा होते. इथे दशा दुसऱ्या अर्थाने.

मग लोकर. लोकरीचा केस सरळ नसतो, नागमोडी असतो. त्यामुळे धागे एकमेकांवर सपाट बसत नाहीत, मध्ये हवा राहते, आणि मुठीत चुरगळून सोडलं तरी कापड परत फुलतं. दुसरा गुण आपल्या घामाच्या प्रश्नाला धरून आहे. लोकर बाष्प केसाच्या आत ओढून घेते. आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा घेतला तरी ती हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा असूनही तिचा फुगीरपणा फारसा जात नाही. मान थोडी दमट असली तरी माठ होत नाही तो यामुळे.

पण लोकर म्हटलं की लोक म्हणतात, टोचते. बरोबर आहे. आमच्याकडूनही इथेच चूक झाली. आम्ही तिला आधी एक हातमागाचा देशी लोकरीचा स्टोल सुचवला, उत्साहाच्या भरात. चार दिवसांत मानेवर लाल चट्टे घेऊन परत आली. कारण सरळ आहे. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड केसाचं टोक कातडीत रुतताना वाकत नाही, तशीच टोचणी देतं. असे केस कापडात थोडे असले तरी पुरतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिची घोंगडी होते, चिंचोक्याची खळ लावलेली, पाऊस अडवणारी, आणि त्या कामात ती उत्तम. घोंगडी सदऱ्यावरून पांघरायची असते, गळ्याशी घासायची नसते. आमच्या हे लक्षात यायला हवं होतं.

शेवटी तिने बारीक मेरिनोचा स्टोल घेतला. मेरिनोचा केस साधारण सतरा ते वीस मायक्रॉनचा, टोक वाकतं, म्हणून टोचत नाही. तो तिने कसा निवडला ते सांगतो, कारण ते तुम्हालाही करता येईल.

दुकानात तिने चार स्टोल बाजूला काढले. प्रत्येकाचं टोक गळ्याच्या पुढच्या भागाला, हनुवटीखाली, दोन मिनिटं लावून ठेवलं. हाताला मऊ लागणारं कापड गळ्याला टोचू शकतं, तळहात निबर असतो. एक तिथेच बाद झाला. मग कापड तोंडाजवळ ताणून धरून फुंकर मारली आणि पलीकडे दुसऱ्या हाताची मागची बाजू ठेवली. एका स्टोलमधून फुंकर सरळ हाताला लागली, तोही गेला. उरलेले दोन मुठीत दाबून दहापर्यंत मोजलं आणि सोडलं. एक तसाच चुरगळलेला राहिला, दुसरा हळूहळू उघडला. उघडला तो घेतला. त्याची वीण तिरपी होती, जीनच्या कापडावर बारीक तिरप्या रेघा दिसतात तशी. या विणीत धागे जवळजवळ बसवता येतात आणि तरी कापड ताठ होत नाही, म्हणून झोत अडवायला ती बरी.

एक सावधगिरी. मुठीची परीक्षा फुगीरपणा सांगते, धागा सांगत नाही. अ‍ॅक्रिलिकही मुठीतून छान उघडतं. म्हणून घरी आल्यावर तिने दशेचा धागा जाळून बघितला, केसांचा वास आला, मग पावती नीट ठेवून दिली.

घरी आम्ही तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. दीडशे ग्रॅम भरला. लांबी दोन मीटर, रुंदी सत्तर सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 1.4 चौरस मीटर. दीडशेला 1.4 ने भागलं की एका चौरस मीटरला साधारण 107 ग्रॅम येतात. मेरिनोचा स्टोल शंभराच्या आसपास असला की बस आणि ऑफिस दोन्हीला पुरतो. दीडशेच्या पुढे गेला की ऑफिसात उकडायला लागतं आणि मग तो खुर्चीच्या पाठीवरच लटकून राहतो. हे आकडे आमच्या अनुभवाचे, नियम नव्हेत. पण ऑनलाइन मागवताना वजन आणि माप दिलेलं असेल तर हा भागाकार जरूर करा, फोटोवरून काहीच कळत नाही.

इथे एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "मला मेरिनोही टोचतो. काय करू?" काही जणांना टोचतो खरा. तर तुमच्यासाठी एरी आहे. हे आसामकडचं रेशीम. त्याचा किडा एरंडाची पानं खातो, आणि नावही त्यावरूनच पडलं आहे. या कोशाचं तोंड उघडं असतं, त्यामुळे तुती रेशमासारखा एकसंध लांब तार निघत नाही, कापसासारखं सूत कातावं लागतं. आणि कातलेल्या सुतात हवा राहते. म्हणून एरी रेशीम असूनही चकचकीत नसतं, थोडं लोकरीसारखं दिसतं आणि तसंच वागतं. तुतीचं गुळगुळीत रेशीम मात्र पातळ पडतं, झोतापुढे एकेरी टिकत नाही. घ्यायचंच तर दुहेरी घडी घालून वापरा.

दुसरा प्रश्न, "लोकर वापरायची नसेल, किंवा बजेट कमी असेल तर?" पॉलिएस्टर फ्लीसचा साधा मफलर घ्या. आमच्या क्षेत्रातली माणसं त्याला नाकं मुरडतात, पण हलका असतो, हवा भरपूर धरतो, पाणी पीत नाही म्हणून लवकर वाळतो. त्यातून वारा आत येतो, त्यावर उपाय म्हणजे तोच सुती स्कार्फ कोरडा असेल तर वरून एक वेढा घ्यायचा. आत फुगीर, बाहेर दाट. उलटं केलंत तर उपयोग कमी. अ‍ॅक्रिलिकही नवं असताना उबदारच असतं. फक्त महिन्या-दोन महिन्यांत बॅगेचा पट्टा घासतो तिथे गोळे धरायला लागतं, आणि गोळे धरलेल्या जागी कापड विरळ होत जातं.

आणि हिमरूचं विचारलंय कोणीतरी, छत्रपती संभाजीनगरहून आलेले दिसतात. हिमरू पारंपरिक रीतीने कापूस आणि रेशमाचा. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे सुटलेले असतात, त्यात थोडी हवा राहते, म्हणून साध्या सुती शालीपेक्षा तो उबदार लागतो. ऑफिसात चालेल. बसमध्ये ते मोकळे धागे अंगठीत, घड्याळात अडकतात, तिथे नको.

गुंडाळण्याबद्दल थोडंच. झोत मागून येतो आणि आपण स्टोल पुढे सजवतो, ही नेहमीची गफलत. कापडाचा मधला भाग मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी टेकला पाहिजे. एक पूर्ण वेढा घ्या, पण बोटभर सैल ठेवा, आवळलंत तर हवा पिळून बाहेर जाते. टोकं मांडीवर ओढून घ्या. ऑफिसच्या खुर्चीच्या चाकात दशा अडकून फाटलेले स्टोल आम्ही मोजायचे सोडून दिले आहेत. आणि झडप बंद होत असेल तर आधी ती बंद करा. पाय गार पडत असतील तर स्टोल काही करू शकत नाही, तिथे मोजेच लागतील.

शेवटचा प्रश्न धुण्याचा आहे. लोकरीचा स्टोल रोज धुवायचा नसतो. घरी आल्यावर पिशवीतून काढून हँगरवर मोकळा पसरायचा, ओलावा रात्रभरात जातो. महिन्या-पंधरा दिवसांनी, मानेकडची बाजू तेलकट वाटली की गार पाण्यात रिठ्याच्या पाण्याने किंवा साध्या शाम्पूने धुवा. कपड्यांची नेहमीची पावडर नको. पुष्कळ पावडरींत डाग खाणारी विकरं असतात, आणि लोकर हे प्रथिनच असल्यामुळे ती लोकरही खातात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की केसांवरचे खवले एकमेकांत अडकतात, मग दोन मीटरचा स्टोल दीड मीटरचा नमदा होऊन बाहेर येतो आणि परत कधीच पूर्ववत होत नाही. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा.

पावसाळा संपल्यावर कपाटात ठेवताना तो धुतलेलाच ठेवा. कसर लागते ती आधी घामाच्या डागांवर लागते. आमच्या विद्यार्थिनीने पहिल्या वर्षी न धुता ठेवला आणि ऑक्टोबरात उघडला तर मानेच्या बरोबर मागे, जिथे झोत लागायचा तिथेच, मसुराएवढी तीन भोकं. रफू करून घेतलंय तिने, अजून तोच वापरते.